कोणी सांगितलं?

काही वर्षांपूर्वी माझ्या फोनमध्ये चार प्लंबर होते. ‘प्लंबर’, ‘प्लंबर २’, ‘प्लंबर नवीन’ आणि ‘प्लंबर नको’. एका रात्री साडेनऊला गीझरखालचा कनेक्शन पाइप फुटला, बाथरूममध्ये कारंजं सुरू झालं आणि घाईघाईत लावलेला फोन नेमका ‘प्लंबर नको’ला लागला. तो वीस मिनिटांत आला, अँगल कॉक बंद केला, नवा पाइप बसवला, पैसेही वाजवी घेतले. तो ‘नको’ का होता, हे मला आजवर आठवलेलं नाही. कदाचित त्याचा बिचाऱ्याचा काही दोषही नसेल. एखाद्या दिवशी फोन उचलला नसेल, एवढंच.

त्या रात्री मला सासऱ्यांची वही आठवली. ते पाटबंधारे खात्यात होते आणि खात्याची सवय घरात आणलेली. १९८६ सालची बँकेची डायरी, उभ्या रेघा मारून केलेले पाच रकाने: नाव, काम, तारीख, दिलेले पैसे आणि शेवटचा रकाना ‘कोणाकडून’. फोन नंबर कुठेच नाही, कारण तेव्हा त्या माणसांकडे फोनच नसायचे. त्याऐवजी ‘सायकलवर येतो, निरोप कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवावा’, असं लिहिलेलं. एका वायरमनपुढे १५ रुपये आणि ‘समोरच्या बँकवाल्यांकडून’. त्याखाली वेगळ्या शाईत, बहुधा सहा महिन्यांनी लिहिलेलं: ‘पंखा अजून नीट चालतो’.

दूध किती, पेपरवाल्याचे खाडे किती, हे कालनिर्णयच्या चौकटीत लिहिणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण घरात येऊन पाइप, वायर, फरशी उघडणाऱ्या माणसांची नोंद कुणी ठेवत नाही. डिसेंबरात कॅलेंडर बदललं की कोपऱ्यात खरडलेला सुताराचा नंबर रद्दीत जातो. मी सासऱ्यांचे पाच रकाने उचलले, नंबरचा सहावा जोडला आणि दोनशे पानी वही घातली. आता तिला सात वर्षं झाली. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. नंबर कुठेही मिळतो. मीटरबॉक्सवर स्टिकर असतात, सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की दहा मिनिटांत सात नंबर येतात. वहीचा खरा जीव आहे तो शेवटच्या रकान्यात.

‘कोणी सांगितलं’ या रकान्यात मी सुरुवातीला नुसतं नाव लिहायची. जाऊबाई. तळमजल्यावरच्या काकू. वॉचमन. पुढे लक्षात आलं की नुसत्या नावाने काही कळत नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितलेला प्लंबर चांगला, पण कशासाठी चांगला? त्याने काकूंकडे बेसिनचा नळ बदलला होता, आणि नळ बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. भिंतीतली गळती शोधणं हा अगदी निराळा धंदा. आणि काकूंनी सांगितलं केव्हा? काम झालं त्याच संध्याकाळी. त्या संध्याकाळी कुठलाही नळ गळत नसतो.

म्हणून आता त्या रकान्यात तीन गोष्टी जातात: कोणी सांगितलं, त्यांच्याकडे त्याने नेमकं काय केलं होतं आणि त्याला किती दिवस झाले होते. गळतीच्या, गच्चीच्या, खिडकीच्या कामाला मधे एक पावसाळा गेलेला असेल तरच ती शिफारस. नाहीतर ती नुसती ओळख. वॉचमनने सांगितलेला माणूस वाईटच असतो असं नाही, पण त्याच्या मजुरीत वॉचमनचा वाटा असू शकतो, म्हणून वॉचमन हे नाव मी लपवत नाही, लिहून ठेवते. हार्डवेअरच्या दुकानदाराची शिफारस मला त्याहून बरी वाटते. कोण कुठल्या प्रतीचा माल नेतो आणि कोण वरचेवर चुकीचा माल परत आणतो, हे गल्ल्यावर बसून त्याला दिसत असतं.

हे सगळं सांगायला सोपं आहे. त्याचा उपयोग काय झाला ते गेल्या मार्चमधल्या प्रसंगावरून सांगते.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, “अहो, जरा येऊन बघता का? आमच्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे.” गेले. ताटाएवढा काळपट डाग होता, मध्ये पोपडे सुटलेले आणि एका टोकाला थेंब धरलेला. वॉचमनच्या ओळखीचा एक प्लंबर त्याच इमारतीत होता, तो लगेच आला. आमच्या बाथरूममध्ये पाच मिनिटं उभा राहिला, पायाने फरशी ठोकली आणि म्हणाला, सगळं फोडावं लागेल, वॉटरप्रूफिंग गेलंय, पंचावन्न हजार. आठ दिवसांचं काम.

तो खोटंच बोलत होता असं मी म्हणणार नाही. वॉटरप्रूफिंग जातं, आणि गेलं की फोडावं लागतं. पण त्याने काही तपासलंच नव्हतं. मी त्याला उद्या सांगते म्हटलं आणि वही काढली.

वहीत दोन नोंदी कामाच्या निघाल्या. पहिली आमच्याच बाथरूमची. वही घातली तेव्हा सासऱ्यांच्या डायरीतल्या महत्त्वाच्या गोष्टी मी पुढच्या पानांवर उतरवल्या होत्या, त्यात होतं: ‘२०१२. जुने लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसी घातले. नळाची लाइन भिंतीतून, जमिनीपासून दोन फुटांवर. फरशीच्या सहा लाद्या उरल्या, माळ्यावर डावीकडे.’ दुसरी नोंद मावशींनी सांगितलेल्या एका प्लंबरची. मावशी सिंहगड रोडला राहतात. रकान्यात लिहिलेलं: ‘मावशी. त्यांच्या मोरीच्या ट्रॅपची गळती, एप्रिल २०२१. दिवाळीत परत विचारलं, ओल नाही.’ ज्या दुखण्याला औषध हवं होतं, त्याच दुखण्याचा वैद्य, आणि मधे एक पावसाळा गेलेला. मी त्याला फोन केला.

तो ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. प्लंबिंगच्या धंद्यात हा जिल्हा देशभर ओळखला जातो. तिथल्या पट्टामुंडाईला सरकारी प्लंबिंग प्रशिक्षण संस्थाही आहे. पुण्यात त्याला सतरा वर्षं झाली, मराठी बोलतो, मध्ये मध्ये हिंदी येतं. आल्यावर त्याने आधी वर न येता खालचं छत बघितलं आणि काकूंना विचारलं, “थेंब सारखा पडतो, का वरचे लोक आंघोळ करतात तेव्हाच?”

हा प्रश्न सगळ्याचा पाया आहे, म्हणून जरा थांबून सांगते. बाथरूममध्ये पाणी दोन वाटांनी असतं. एक नळाची लाइन, तिच्यात चोवीस तास टाकीचा दाब असतो. ती फुटली तर दिवसरात्र सारखी गळते, तुम्ही घरात असा किंवा नसा. दुसरी सांडपाण्याची वाट: फरशी, नहाणी ट्रॅप आणि तिथून डक्टमधल्या उभ्या पाइपपर्यंतचा तुकडा. तिथे गळती असेल तर वापरलं की गळतं, एरवी नाही. काकूंनी सांगितलं, आम्ही दोन दिवस सांगलीला गेलो होतो तेव्हाही थेंब पडतच होता. मला वाटलं झालं, नळाची लाइन. तो म्हणाला, “नाही वहिनी, असं नसतं.” बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. तो कोबा स्पंजासारखा पाणी धरतो आणि वरचा वापर थांबल्यावरही कित्येक दिवस सोडत राहतो. म्हणजे दोन दिवस बंद घर हा पुरावा नाही. मोजायलाच हवं.

त्याने आधी नळाची लाइन तपासली. बाथरूमचा मेन कॉक बंद केला, नळ आणि शॉवरची तोंडं प्लग लावून बुजवली आणि एका तोंडाला काटा असलेला हातपंप जोडून आत दाब भरला. काटा सहावर आणला आणि चहा घेतला. अर्ध्या तासाने काटा तिथेच. लाइन धडधाकट. लाइन गळत असती तर काटा डोळ्यांदेखत खाली आला असता. गळती शोधायला येणाऱ्या माणसाकडे हा पंप नसेल तर तो अंदाजावर फोडणार, हे आता मला माहीत आहे. त्यामुळे वहीत त्याच्या नावापुढे ‘प्रेशर पंप स्वतःचा’ असं लिहिलं आहे.

मग राहिली सांडपाण्याची बाजू. तिच्यातही दोन शक्यता: फरशी आणि तिच्याखालचं वॉटरप्रूफिंग, किंवा ट्रॅप. पंचावन्न हजारांचा निर्णय या दोघांमधला. त्याने आधी काकूंच्या छतावरच्या डागाची कडा पेन्सिलीने आखली. मग ट्रॅपच्या तोंडात फडकं आणि प्लास्टिक घट्ट कोंबलं आणि फरशीवर दोन बोटं पाणी तुंबवून ठेवलं. चोवीस तास ते बाथरूम बंद. आम्ही दुसऱ्या बाथरूममध्ये रांग लावली. दुसऱ्या दिवशी तुंबवलेलं पाणी होतं तेवढंच होतं आणि डाग पेन्सिलीच्या आत. त्याने फडकं काढलं, पाणी ट्रॅपमधून सुटलं आणि वरून आणखी दहा बादल्या ओतल्या. संध्याकाळी काकूंचा फोन आला: डाग रेघेच्या बाहेर गेला होता आणि थेंबांची धार लागली होती.

म्हणजे फरशी शाबूत, वॉटरप्रूफिंग शाबूत. दुखणं ट्रॅप आणि पाइप यांच्या जोडात. त्याने ट्रॅपभोवतीच्या चार लाद्या काढल्या, जुना ट्रॅप उचलला. जोडाला एका बाजूने केसाएवढी चीर होती. नवा ट्रॅप बसला, भोवती वॉटरप्रूफिंगचे दोन हात झाले, परत एकदा पाणी तुंबवून बघितलं आणि माळ्यावर डावीकडे ठेवलेल्या लाद्यांपैकी चार बसल्या. रंग अगदी जुळला, अर्थातच. मजुरी ३,८०० रुपये, सामान १,६५० रुपये. काकूंचं छत पूर्ण वाळायला जवळजवळ दोन महिने लागले. कोबा रिकामा होईपर्यंत रंग लावू नका, असं तो बजावून गेला होता. मे अखेरीस आम्ही त्यांचं छत रंगवून दिलं. गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांची आणि गच्चीची गळती सोसायटीने बघायची, घराच्या आतली सभासदाने. हे माहीत असलं की जिन्यात होणारी निम्मी भांडणं वाचतात.

प्रत्येक डागाचा शेवट इतका स्वस्तात होत नाही. तुंबवलेलं पाणी उतरलं असतं तर पंचावन्न हजारवाला बरोबर ठरला असता आणि त्याला परत बोलवावं लागलं असतं. म्हणून त्याचं पान मी फाडलेलं नाही. त्याच्यापुढे लिहिलं आहे: ‘न तपासता आकडा सांगतो.’ ‘नको’ असं नुसतं लिहायचं नाही, का ते लिहायचं, हा धडा फोनमधल्या त्या चौथ्या प्लंबरने दिला.

आता दराचं. इथे बहुतेकांची वही फसते, माझीही फसली होती. ‘नळ, ६००’ आणि ‘नळ, २५०’ अशा दोन नोंदी एकाखाली एक होत्या आणि मी वर्षभर सहाशेवाल्याला लुटारू समजत होते. बिलाचं चिटोरं सापडलं तेव्हा कळलं की सहाशेत नळही त्याचाच होता. अडीचशे ही नुसती मजुरी, नळ मी आणून दिलेला. तेव्हापासून दर एका आकड्यात लिहायचा नाही असं ठरवलं. मजुरी वेगळी, सामान वेगळं, आणि नुसतं येऊन बघण्याचे काही घेतो का, काम दिलं तर ते वळते करतो का, हे वेगळं. शिवाय दर कशाचा ते हवं. इलेक्ट्रिशियन नव्या वायरिंगचा दर पॉइंटवर सांगतो, रंगारी चौरस फुटावर, सुतार कधी फुटावर तर कधी रोजावर. रोजावरच्या सुताराचं काम किती दिवसांत झालं हे लिहिलं नसेल, तर त्याच्या रोजाला अर्थ नाही. आणि तारीख. २०१९ चा दर आज कुणाच्या तोंडावर मारायला काढू नये. तो फक्त आपल्याला अंदाज यावा म्हणून.

काय केलं हे दरासोबत लिहिलं की वही कधी कधी स्वतःच बोलते. आमचा एसी दर उन्हाळ्यात थंड करेनासा व्हायचा. माणूस यायचा, गॅस कमी झालाय म्हणायचा, भरून जायचा. २०२२ एप्रिल, गॅस, २,२०० रुपये. २०२३ मे, गॅस, २,४०० रुपये. तिसऱ्या उन्हाळ्यात तो पुन्हा तेच म्हणाला तेव्हा मी वही उघडली आणि दोन्ही ओळी एकाखाली एक दिसल्या. एसीतला गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी निसटला, आणि ती जागा न शोधता भरणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी ओतणं. मी त्याला दोन्ही तारखा वाचून दाखवल्या. तो चिडला नाही. साबणाचा फेस करून बाहेरच्या युनिटपाशी तांब्याच्या नळीच्या नटाला लावला, तिथे फुगे आले. नट नव्याने बसवला, गॅस भरला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बोलवावं लागलं नाही. दोन वर्षं त्याला कोणी विचारलंच नव्हतं, कारण आम्हालाच मागचं आठवत नव्हतं.

पंख्याचंही तसंच. पंखा हळू फिरतो म्हणून बदलायला निघालेल्या बहिणीला मी माझी नोंद वाचून दाखवली: ‘कपॅसिटर २.५, भाग ९० रु., मजुरी २०० रु.’ पंखा गरगरत नसेल पण हाताने ढकलल्यावर जोर धरत असेल, तर बहुतेक वेळा दोष त्या छोट्या डब्यातच असतो. तिचा पंखा अजून तोच आहे.

विजेच्या माणसाबाबत मात्र मी शिफारशीवर थांबत नाही. बल्बहोल्डर बदलणं वेगळं आणि मीटरपासूनची वायर ओढणं, गीझर-एसीसाठी नवी लाइन टाकणं वेगळं. असं काम परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या तारतंत्र्याने करायला हवं, असा नियम आहे. त्यामुळे वीजवाल्याच्या पानावर परवाना आहे की नाही याची एक खूण जास्त असते. परवाना नसलेला आमचा एक म्हातारा इलेक्ट्रिशियन पंखे आणि स्विच असे करतो की बघत राहावं, पण एसीच्या लाइनला मी त्याला हात लावू देत नाही, आणि त्याला त्याचा राग नाही.

कंपनीच्या वस्तूंचं एक वेगळं पान हवं, आणि त्यावरचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा बिलावरूनच उतरवलेला हवा. मशीन बंद पडल्यावर घाबऱ्या घाबऱ्या इंटरनेटवर कस्टमर केअर शोधायचं आणि पहिला दिसेल तो नंबर फिरवायचा, यात लोक फसतात. तिथे ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. दहा रुपये भरून तक्रार नोंदवा म्हणून लिंक येते, किंवा स्क्रीन दाखवणारं एखादं अ‍ॅप टाकायला लावतात आणि खातं रिकामं होतं. तसं झालंच तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, तोही त्याच पानावर. त्याखाली गॅसगळतीचा १९०६ आणि वीज तक्रारीचा १९१२.

घरकामाला येणाऱ्या ताईंचं पान मी या वहीत आधी ठेवलं होतं, मग काढलं. कारण प्लंबर वर्षातून दोनदा येतो, त्या रोज येतात. त्यांच्याबद्दल ‘भांडी चांगली, लादी बरी’ असं लिहून पाहुण्यांच्या हाती लागेल अशी वही ठेवणं मला बरं वाटेना. पैशांचा हिशेब मात्र लिहायला हवा, आणि तो दोघींनी मिळून. किती कामं, प्रत्येकाचे किती, महिन्याच्या सुट्ट्या किती ठरल्या, उचल किती दिली आणि दरमहा किती वळती करायची, दिवाळीला काय. ही छोटी वही स्वयंपाकघरात असते आणि त्याही तिच्यात लिहितात. एकदा माझ्याकडून पाचशे रुपये जास्त कापले गेले होते, ते त्यांच्या अक्षरातल्या ओळीवरून सापडले. त्या गावाला गेल्या की बदलीला कोण येईल, तिचं नाव त्या स्वतःच लिहून जातात.

वही कागदाचीच का, असं मुलगा विचारतो. फोनमध्ये शोधायला सोपं जातं हे खरं. पण घरात पाणी साचायला लागतं तेव्हा फोनवाला माणूस ऑफिसात असतो आणि घरात सत्तरीच्या पुढचं कुणीतरी. वही दिसते, उघडता येते, आणि शेजारच्यांच्या हातात देता येते. दोन महिन्यांनी मी पानांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते, म्हणजे दोन्ही सोयी. नंबर पेन्सिलीने लिहिते, कारण ही माणसं सिम बदलतात. पैसे यूपीआयने दिले तर समोर आलेलं नावही लिहून ठेवते, कारण पुष्कळदा खातं बायकोच्या किंवा भावाच्या नावावर असतं आणि पुढच्या वर्षी कुणाला काय दिलं हे शोधताना घोळ होतो. पहिल्या पानावर मात्र कुणाचाच नंबर नाही. तिथे घरातले मेन कॉक कुठे आहेत आणि कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा, एवढंच आहे. प्लंबर वीस मिनिटांत आला तरी त्या वीस मिनिटांत कॉक आपल्यालाच फिरवायचा असतो, आणि वर्षानुवर्षं हात न लावलेला कॉक ऐन वेळी जाम निघतो. दर दिवाळीच्या साफसफाईत मी सगळे एकदा बंद करून उघडते.

या वहीची एक बाजू मला उशिरा कळली. आमचा केंद्रपाड्याचा प्लंबर एकदा फोनवर कुणाशी तरी बोलत होता आणि खिशातून त्याने एक चुरगळलेली छोटी वही काढली. मी सहज डोकावले. इमारतींची नावं, फ्लॅटचे नंबर आणि पुढे दोन-तीन शब्द, कुठे ओडियात, कुठे हिंदीत. मी विचारलं, आमच्यापुढे काय लिहिलंयस? तो लाजला. मग म्हणाला, “पैसे लगेच. प्रश्न फार.” शेजारच्या इमारतीतल्या एका फ्लॅटपुढे नुसती फुली होती. ते कोण, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तो दरवर्षी जूनमध्ये गावी जातो. तिकडे तेव्हा रज नावाचा सण असतो, महिन्याच्या मध्यावर, तीन दिवसांचा. नेमका तेव्हाच इकडे पहिला पाऊस आणि पहिली गळती. ही तारीखही आता वहीत आहे, त्यामुळे गच्चीचे पाइप आणि टाकीचा बॉलकॉक मी मे महिन्यातच त्याच्याकडून बघून घेते. यंदा निघायच्या आधी तो स्वतःहून आला आणि त्याच्या मामेभावाचा नंबर देऊन गेला. मी नवीन ओळ घातली. काम: अजून नाही. दर: अजून नाही. कोणी सांगितलं या रकान्यात त्याचंच नाव लिहिलं आहे.